सुईच्या फासळ्या

ते साल दोन हजार तेरा. थंडी नुकतीच पडायला लागली होती आणि माझ्या निवृत्तीला पंधरा महिने उरले होते, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. प्राण्यांच्या एका संस्थेच्या दवाखान्यात मी तेव्हा सव्वीस वर्षं काढली होती. पुढे दोन खोल्या, मागे आठ पिंजरे, मध्ये फरशी घातलेलं अंगण आणि अंगणात पाण्याचा एक नळ, जो कधीच पूर्ण बंद व्हायचा नाही. मला सगळे मावशी म्हणत. डॉक्टरसुद्धा, आणि ती माझ्या निम्म्या वयाची होती.

माझं काम वजनाचं. डॉक्टरकडे जाण्याआधी प्रत्येक जनावर माझ्या हातांखालून जायचं. आधी काट्यावर उभं करायचं, मग बरगडीवर, कण्यावर, मांडीवर हात फिरवायचा आणि कार्डावर दोन आकडे लिहायचे: एक वजनाचा, दुसरा अंगाचा. हा अंगाचा आकडा एक ते नऊ. भिंतीवर त्याचा तक्ता होता, नऊ कुत्र्यांची चित्रं असलेला. एक म्हणजे नुसता सापळा, नऊ म्हणजे चार पायांचं पिंप, आणि चार-पाच म्हणजे बेतशीर. चित्रांखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाहा आणि चाचपा’. चित्रं सगळे बघत, ती ओळ कोणी वाचत नसे.

चाचपायचं कसं हे मी नव्या माणसांना त्यांच्याच हातावर शिकवायची. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. फासळ्या अशा लागल्या तर जनावर खंगलंय. आता हात सरळ करा, पालथा धरा आणि त्याच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं लागतात, पण वर पातळसं अस्तर आहे, हे छान. आता हात उलटा करा आणि तळहाताकडून तीच हाडं शोधा. दाबून शोधावी लागली तर जनावराचं खाणं आवरायला हवं. एवढंच शास्त्र. सव्वीस वर्षं मी त्यावर भाकरी खाल्ली.

संस्थेच्या अध्यक्षबाई कडक होत्या, पण जीव लावणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी एका कुत्र्याची तक्रार आली असताना आमच्या समितीने पत्रापत्रीत तीन आठवडे घालवले आणि आम्ही पोचलो तेव्हा ते कुत्रं मेलेलं होतं. अध्यक्षबाईंनी ते मनाला फार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांनी नियमच केला: फोटोसकट तक्रार आली आणि अंगाचा आकडा तीनच्या खाली असला, की जनावर लगेच ताब्यात घ्यायचं आणि पुढच्या मंगळवारी समितीने त्याच्यासाठी दुसरं घर ठरवायचं. नियम रागातून आला होता, पण चांगल्या मनातून आला होता, हे मी आजही म्हणते.

एका शुक्रवारी सकाळी त्या मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. समोर लसीसाठी चौदा जण रांगेत, एक मांजर पिशवीतून निसटून कपाटावर चढलेलं. बाईंनी मोबाइलचा पडदा माझ्या डोळ्यांपुढे धरला. उंच पायांची, पिवळसर कुत्री. फासळ्या एकेक करून मोजून घ्याव्यात अशा. पोट आत गेलेलं, कमरेची हाडं वर आलेली. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘शिंप्याच्या दुकानात उपाशी ठेवलेलं मुकं जनावर’.

‘आकडा सांगा, मावशी,’ बाई म्हणाल्या.

मी मांजराकडे बघत म्हणाले, ‘दोन.’

त्यांनी तक्रारीच्या कागदावर तो लिहिला आणि मला सहीला दिला. मी सही केली. अंगाला हात न लावता दिलेला माझ्या नोकरीतला तो पहिला आकडा.

शनिवारी संस्थेच्या गाडीतून ड्रायव्हर आणि मी ते कुत्रं आणायला गेलो. दुकान बाजारपेठेच्या आडगल्लीत होतं, एका शटरच्या रुंदीचं. आत शिलाईयंत्र, इस्त्रीचं टेबल, दोरीवर टांगलेल्या अर्ध्या शिवलेल्या विजारी. सगळे त्या शिंप्याला मास्तर म्हणत. पासष्टीचा माणूस, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा दूर देशी. यंत्राखाली, पायडलच्या शेजारी, जुन्या कोटाच्या अस्तरावर ती कुत्री वेटोळं करून झोपली होती. तिचं नाव सुई.

मी पत्र दिलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. ‘उपाशी?’ ते हळूच म्हणाले. ‘हिला देऊन उरलं तर मी जेवतो.’

सुई उठली, पुढचे पाय लांब करून तिने आळस दिला आणि माझ्याकडे आली. आळस देताना तिच्या सगळ्या फासळ्या वर आल्या आणि ती सरळ उभी राहिली तशा मिटल्या. मागच्या दोन-तीन तेवढ्या दिसत राहिल्या. मी खाली बसले आणि तिच्या बरगडीवर हात ठेवला. पालथ्या हाताची पाठ. पातळसं अस्तर, खंगलेलं काही नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं. मांडीला हात घातला तर पळणाऱ्या पोराच्या पोटरीसारखी घट्ट. ही धावणाऱ्या जातीची कुत्री: खोल छाती, आवळ पोट, आखूड केस, कातडी पातळ. अशांच्या शेवटच्या फासळ्या दिसल्या नाहीत तर उलट काळजी करायची. माझ्या अंगणात अशी काय कमी आली होती? पण ती सगळी माझ्या हातांखाली आली होती, पडद्यावर नव्हे.

फोटो काढणारी समोरच होती, चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी मुलगी. ती घाबरत घाबरत आली. म्हणाली, संध्याकाळी दुकान बंद करताना वरच्या पायरीवरून काढला, ऊन गल्लीत आडवं येत होतं, कुत्री नुकतीच झोपेतून उठली होती. तिने ते सगळं प्रामाणिकपणे सांगितलं आणि सांगता सांगताच तिला कळलं. आडव्या उन्हात प्रत्येक फासळीची एक सावली पडते. त्यात वरून काढलेला फोटो, त्यात आळस. मी तिला काय बोलणार? तिला दिसलं ते तिने कळवलं. बघायचं काम माझं होतं.

मास्तर मात्र तिच्यावर चिडले नाहीत. फळीवरून त्यांनी मापाची वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ओळ: सुई, छाती २६, कंबर १७. मागचं पान, सुई, २६, १७. त्याच्या मागचं, तेच. एकदा कंबर साडेसतरा झालेली, तिथे समासात लिहिलं होतं, ‘मुलगा आला होता, बिस्किटं’. थंडीत तिला कोट शिवावा लागतो म्हणून सुरू केलेलं माप, मग सवयच पडली. चार वर्षांच्या नोंदी.

‘न्यायचंच आहे का?’ त्यांनी विचारलं.

नियम माझ्या हातात नव्हता. सही मात्र माझी होती. मी तसं त्यांना सांगितलं, की आकडा मी दिला, न बघता दिला, आणि मंगळवारी समितीपुढे मीच तो खोडणार आहे. त्यांनी सुईचं अस्तर घडी करून माझ्या हातात दिलं.

‘आता हात लावून बघितलंत ना? मग ठीक आहे. आणि तिला रात्री पांघरूण लागतं, तेवढं बघा.’

घरी थोरल्या बहिणीला हे सांगितलं. ताईची जीभ म्हणजे कात्रीच. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘हातांनी पोट भरलंस आणि नेमकी एकदा डोळ्यांनी कामाला गेलीस. आता समितीपुढे जाताना डोळे घरी ठेवून जा.’ मला हसू आलं, रडूही आलं. त्या रात्री मला सुईपेक्षा तिला गमावणारा म्हाताराच जास्त दिसत होता. तिच्यासाठी नवं घर बघूनही ठेवलेलं होतं, मंगळवारी समितीचा शिक्का तेवढा पडायचा होता. मोठ्या अंगणाचं, चांगली माणसं असलेलं. म्हणूनच भीती जास्त. चांगल्या घरी दिलेलं कुत्रं परत मागता येत नाही.

सोमवारी डॉक्टरने सुईला पूर्ण तपासलं. तिचा स्वभाव असा, की माझी बाजू घ्यायची असली तरी आधी माझ्यावर शंका घ्यायची. ‘मावशी, तुमचा हात सांगतो की अंगावर मांस आहे. पण बारीक कुत्रं आजारी नसेलच असं हात सांगत नाही.’ म्हणून दात बघितले, विष्ठा तपासली, जंत नव्हते. रक्त काढलं, तेही स्वच्छ. वजन एकोणीस किलो. तिने कार्डावर अंगाचा आकडा लिहिला: चार. मग मला म्हणाली, मास्तरांच्या टेपने वजन कळत नाही, पण एकाच माणसाने एकाच टेपने चार वर्षं घेतलेलं माप बदललेलं नाही, याला किंमत आहे. फोटोला मागचं-पुढचं काही नसतं.

मंगळवारी दुपारी समिती पुढच्या खोलीत बसली. समितीत पाच जण, पण बोलायच्या त्या अध्यक्षबाईच. त्यांच्यामागे भिंतीवर संस्थेचं कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर बाईंचाच कुत्रा: गोंडा. पांढरा, लांब केसांचा, नावासारखाच. ‘निरोगी प्राणी असा दिसतो’ असं खाली छापलेलं. तो स्वतःही आला होता, बाईंच्या खुर्चीपाशी, अंगात लाल कोट घालून. गोंड्याचं सगळं घरीच व्हायचं. लस द्यायला डॉक्टर त्यांच्या घरी जायची. रांगेत तो कधी उभा राहिला नाही, त्यामुळे माझ्या काट्यावरही दोन वर्षांत चढला नव्हता.

मास्तर दाराशी उभे होते, वही छातीशी धरून. इस्त्रीचा सदरा घातला होता. खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवलेल्या पिंजऱ्यातून सुईने त्यांना बघितलं आणि असा आवाज काढला की समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे चोळले.

मी उठले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, ‘तो दोन माझा आहे आणि तो खोटा आहे. मी कुत्रीला बघितलंच नव्हतं. मी फोटोला आकडा दिला.’

अध्यक्षबाईंनी फोन काढून तो फोटो पुन्हा समोर ठेवला. म्हणाल्या, ‘ही हाडं नाहीत का? मला डोळे आहेत, मावशी. मागच्या वेळीही सगळे मला थांबा, बघू, असंच म्हणत होते.’ त्या कुणाशी भांडत होत्या ते मला ठाऊक होतं. त्या गेलेल्या कुत्र्याच्या आठवणीशी.

डॉक्टरने सगळे निकाल वाचून दाखवले. फोटोत कंबर दिसते, पोटाची चढण दिसते, हाडं दिसतात, हे तिने मान्य केलं. त्यावरून जाऊन बघावं की नाही एवढं ठरतं. वजन किती, ते कमी होतंय की वर्षानुवर्षं तसंच आहे, हाडांवर मांस आहे की नाही, रक्तात काय आहे, हे त्यात नसतं. आणि लांब केसांच्या जनावराच्या फोटोत तर काहीच नसतं, केस सोडून.

बाई कॅलेंडरकडे हात करून म्हणाल्या, ‘म्हणजे गोंड्याचा फोटोही काही सांगत नाही म्हणा.’

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं. पण मास्तर पुढे आले. शिंप्याचा हात, कापड दिसलं की राहत नाही. मघापासून त्यांचं लक्ष त्या लाल कोटावर होतं, हे मी बघत होते. ते गोंड्यापाशी उकिडवे बसले, पोटाखालच्या पट्ट्यात बोटं घातली आणि तशीच ठेवली.

‘बाई, हा कोट गेल्या थंडीत मीच शिवला, तुमचा नोकर याला घेऊन आला होता,’ ते म्हणाले. ‘पट्टा बसवला तेव्हा दोन बोटं जात होती. आता अख्खी मूठ जातेय.’

‘कापड सैल पडलं असेल.’

‘माझं शिवलेलं सैल पडत नाही,’ मास्तर म्हणाले. सबंध दिवसात त्यांनी दाखवलेला तेवढाच ताठा.

मग मी अध्यक्षबाईंना मूठ आवळायला सांगितलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण त्यांनी आवळली. नव्या माणसांना शिकवते तसं मी त्यांचीच बोटं त्यांच्या मुठीवरून फिरवली, मग पालथ्या हातावरून, मग तळहातावर. सुईचा पिंजरा पुढे ओढून दार किलकिलं केलं. बाईंनी तिच्या बरगडीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. ‘पालथा हात,’ त्या स्वतःशी म्हणाल्यासारखं म्हणाल्या.

‘आता याच्या,’ मी म्हटलं.

गोंड्याच्या केसांत त्यांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत बुडाली. मग थांबली. त्यांनी हात पुढे नेला, कण्यावर आणला, परत बरगडीवर. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला आणि मला जिंकल्याचा आनंद झाला नाही, हे खरं सांगते. तो नंतर झाला.

‘मूठ,’ त्या म्हणाल्या. ‘ही तर मूठ आहे.’

काट्यावर गोंडा अकरा किलो दोनशे ग्रॅम भरला. जुन्या कार्डावर चौदा होता. डॉक्टरने एकामागून एक प्रश्न विचारले. खातो का? पूर्वीपेक्षा जास्त खातो, म्हणून तर वाटलं तब्येत उत्तम. पाणी? वाडगं दिवसातून चारदा भरावं लागतं. घरात ओलं करतो? हल्ली करतो, बाईंना वाटलं म्हातारपण. हात काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो, काय बिघडलंय ते रक्त सांगेल, असं म्हणून ती त्याला आत घेऊन गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली. लघवीत साखर होती, रक्तात तर भरपूर होती. मधुमेह. वेळेत सापडला होता. आणखी थोडे आठवडे त्या केसांखाली लपून राहिला असता तर इतकं सोपं राहिलं नसतं. रोज दोनदा इंजेक्शन, ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं, आणि दर आठवड्याला काटा.

अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी तक्रारीचा कागद ओढून घेतला, माझ्या दोनवर आडवी रेघ मारली, डॉक्टरचा चार लिहिला आणि खाली स्वतःची सही केली. मग उठून पिंजऱ्याची खिट्टी स्वतः काढली. सुई त्या खोलीतून कशी गेली ते मी शब्दांत सांगू शकत नाही. चार ढांगांत ती मास्तरांच्या छातीवर होती आणि मापाची वही जमिनीवर. समितीतले ते गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. बाहेर लसीच्या रांगेतल्या माणसांना काही कळेना, पण आतले वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या.

मास्तरांनी वही उचलली. निघताना गोंड्याच्या कोटाचा पट्टा टाचणीने आवळून दिला आणि म्हणाले, भरेल तेव्हा परत आणा, मोकळा करून देईन. त्या दिवशी बाई सुईला आणि मास्तरांना स्वतः गाडीतून दुकानापर्यंत सोडायला गेल्या. गल्लीत गाडी शिरेना, म्हणून शेवटचं अंतर तिघं चालत गेली, आणि त्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला बाईंनी पायरीवरूनच सांगितलं की त्यांचा नियम चुकला होता, तिचा फोटो नव्हे.

संध्याकाळी मी घरी गेले. ताईने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता दोन कप चहा टाकला. मग म्हणाली, ‘डोळे घेऊन गेली होतीस का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग बरोबर.’

पुढच्याच बैठकीत नियम बदलला. फोटो आला की त्याच दिवशी माणूस जाणार, पण कागदावर आकडा लिहिणार तो हात लावल्यावरच. महिनाभरातच एका गोदामामागे बांधलेल्या कुत्र्याचा फोटो आला. आम्ही तासाभरात पोचलो. तिथे माझ्या बोटांना खरोखरच मूठ लागली, आणि ते कुत्रं जगलं. म्हणून फोटोला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. तो दार ठोठावतो. आत जाऊन बघायचं आपण.

गोंडा त्यानंतर साडेतीन वर्षं जगला. इंजेक्शन द्यायला अध्यक्षबाई पहिल्या आठवड्यात डॉक्टरला घरी बोलवायच्या. पुढे त्या इतक्या सराईत झाल्या की दुसऱ्यांना शिकवायला लागल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी कोटाचा पट्टा मोकळा करून घेतला आणि तो दिवस समितीत पेढे वाटावेत तसा सगळ्यांना सांगितला. कॅलेंडरवरचं ते वाक्य काढून टाकलं, गोंड्याचा फोटो राहिला. बाई आता नाहीत.

चष्मेवाली मुलगी रविवारी आमच्याबरोबर घरोघर फिरायला लागली. माझ्यानंतर काट्याचं काम तिनेच घेतलं. तिचे हात माझ्यापेक्षा बरे आहेत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर दुसऱ्या शहरात शिकवते. ताई गेली, जीभ शेवटपर्यंत तशीच होती.

सुई तेरा वर्षांची होऊन यंत्राखाली झोपेतच गेली. शेवटच्या वर्षात कंबर सोळावर आली, मांडीचं मांस उतरलं. मास्तरांनी ते वहीत लिहिलं आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन गेले. म्हातारपणाचं मांस उतरणं आणि भूक यांतला फरक त्यांना तोवर माझ्याइतकाच कळत होता. मास्तर आता मुलाकडे राहतात. जाताना त्यांनी ती वही मला दिली. पहिल्या तारखेला मी अजून ती काढते, आणि शेजाऱ्यांच्या बोक्याची कंबर सुईच्या खालच्या ओळीत लिहिते. बोका जाड होत चाललाय. फोटोत मात्र फार देखणा येतो.